ln(k/T) विरुद्ध 1/T: आयरिंग आलेखातून सक्रियण एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपी काढताना पडणारे प्रश्न

रासायनिक गतिकीचं प्रात्यक्षिक करणाऱ्या मुलामुलींकडून हे प्रश्न दर वर्षी येतात. सगळ्यांची उत्तरं मी एकाच अभिक्रियेच्या आकड्यांवर दिली आहेत, म्हणजे प्रत्येक मुद्दा तुम्हाला स्वतः गणित करून तपासता येईल.

आलेख नेमका कोणत्या समीकरणातून येतो?

१९३५ साली प्रिन्स्टनमध्ये हेन्री आयरिंग यांनी, आणि त्याच वर्षी मँचेस्टरमध्ये मेरेडिथ इव्हान्स व मायकेल पोलान्यी यांनी, संक्रमण अवस्थेची कल्पना घेऊन वेग स्थिरांकाचं सूत्र मांडलं:

```
k = (kB·T/h) · exp(ΔS‡/R) · exp(−ΔH‡/RT)
```

यात `kB` हा बोल्ट्झमनचा स्थिरांक, `h` हा प्लांकचा, `R` हा वायू स्थिरांक, म्हणजे ८.३१४, आणि `T` हे केल्विनमधलं तापमान. दोन्ही बाजूंना `T` ने भागून नैसर्गिक लॉगॅरिदम घेतला की सरळ रेषा मिळते:

```
ln(k/T) = −(ΔH‡/R)·(1/T) + ln(kB/h) + ΔS‡/R
```

आडव्या अक्षावर `1/T` आणि उभ्या अक्षावर `ln(k/T)` घ्या. रेषेच्या चढातून एन्थाल्पी मिळते. अंतःखंडातून, म्हणजे रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते त्या किमतीतून, एन्ट्रॉपी मिळते. `ln(kB/h)` ची किंमत २३.७६० आहे. `k` सेकंदात आणि `T` केल्विनमध्ये असेल तरच हा आकडा चालतो.

k ला T ने का भागायचं? नुसता ln k का नको?

कारण सूत्रात घातांकाच्या बाहेरही एक `T` आहे. तो तसाच ठेवला तर `ln k` ची रेषा काटेकोरपणे सरळ राहत नाही. वाक अगदी थोडा असतो, डोळ्याला दिसत नाही, पण चढातून निघणाऱ्या ऊर्जेत मात्र `RT` एवढा फरक पडतो. `T` ने भागलं की तो प्रश्न मिटतो.

एखादं पूर्ण सोडवलेलं उदाहरण द्याल का?

डायनायट्रोजन पेन्टॉक्साइडचं (`N2O5`) वायुरूपातलं विघटन घेऊ. फॅरिंग्टन डॅनियल्स आणि जॉन्स्टन यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेली ही मापनं आजही भौतिक रसायनशास्त्राच्या पुस्तकांत उदाहरण म्हणून येतात. अभिक्रिया पहिल्या कोटीची आहे, आणि तापमानाचा पल्ला ० ते ६५ अंश सेल्सिअस असा चांगला रुंद आहे.

| तापमान (°से) | k × १००००० (प्रति सेकंद) | १०००/T | ln(k/T) |
|---|---|---|---|
| ० | ०.०७८७ | ३.६६१ | −१९.६६५ |
| २५ | ३.४६ | ३.३५४ | −१५.९६९ |
| ३५ | १३.५ | ३.२४५ | −१४.६४१ |
| ४५ | ४९.८ | ३.१४३ | −१३.३६७ |
| ५५ | १५० | ३.०४७ | −१२.२९६ |
| ६५ | ४८७ | २.९५७ | −११.१४८ |

या सहा बिंदूंतून लघुतम वर्ग पद्धतीने रेषा काढली की चढ −१२०८५ केल्विन येतो आणि अंतःखंड २४.५७८.

चढाची खूण बदलून त्याला ८.३१४ ने गुणा. १,००,४८० जूल येतात, म्हणजे सक्रियण एन्थाल्पी १००.५ किलोजूल प्रति मोल. अंतःखंडातून २३.७६० वजा केले की ०.८१८ उरतात. त्यांना ८.३१४ ने गुणलं की सक्रियण एन्ट्रॉपी ६.८ जूल प्रति केल्विन प्रति मोल मिळते, आणि ती धन आहे.

गणित इथे संपतं. मात्र हे दोन आकडे सारख्याच भरवशाचे आहेत असं समजू नका.

एन्थाल्पी जवळपास पुस्तकासारखी येते, पण एन्ट्रॉपी दर वेळी वेगळी. माझं काय चुकतं?

बहुतेक वेळा तुमचं काही चुकत नाही. अंतःखंड ही मोजलेली गोष्ट नसते, हे त्यामागचं कारण आहे.

वरच्या तक्त्यातला तिसरा रकाना पाहा. आपले बिंदू आडव्या अक्षावर २.९६ ते ३.६६ या पट्ट्यात आहेत, म्हणजे पट्ट्याची रुंदी ०.७०. अंतःखंड मात्र शून्यावर आहे, जिथे `1/T` शून्य, म्हणजे तापमान अनंत. बिंदूंचा पट्टा कागदावर दहा सेंटिमीटर रुंद काढला, तर उभा अक्ष त्याच्या डावीकडे आणखी बेचाळीस सेंटिमीटरवर येईल. मधल्या सगळ्या जागेत एकही मोजलेला बिंदू नाही. चढ जरासा हलला की ते दूरचं टोक बरंच वरखाली होतं.

किती, ते याच आकड्यांवर पाहू. सहाऐवजी फक्त दोन शेजारचे बिंदू घ्या. ४५ आणि ५५ अंशांचे बिंदू जोडले तर एन्थाल्पी ९३.० येते आणि एन्ट्रॉपी −१६.३. आता ५५ आणि ६५ चे जोडा: एन्थाल्पी १०५.९, एन्ट्रॉपी +२२.९. त्याच प्रयोगातले, त्याच हातांनी मोजलेले आकडे, आणि एन्ट्रॉपीची खूणच उलटली! पहिला आकडा पाहून एखादा लिहील की संक्रमण अवस्था आवळलेली आहे; दुसरा पाहून लिहील की ती सैल आहे. दोन्ही वाक्यं निराधार ठरतील.

एवढ्या उलथापालथीसाठी मापनात मोठा दोष लागत नाही. सहा बिंदूंच्या रेषेपासून ४५ चा बिंदू ०.०४१ ने वर आहे आणि ५५ चा ०.०४५ ने खाली. लॉगॅरिदममध्ये एवढा फरक म्हणजे `k` मध्ये साधारण चार टक्के. आणि या अभिक्रियेचा वेग या तापमानांना अंशामागे सुमारे बारा टक्क्यांनी वाढतो, म्हणून चार टक्क्यांचा फरक पडायला तापमान तीन-चार दशांश अंशांनी इकडेतिकडे असणं पुरेसं आहे. इथे तेच झालं असं मी म्हणत नाही. पण तुमच्या पाणकुंडाचा थर्मोस्टॅट किती हलतो ते एकदा पाहून घ्या.

मग हा आकडा वापरायचाच नाही का?

वापरायचा, पण त्रुटीच्या पट्ट्यासकट. सहा बिंदूंच्या रेषेसाठी एन्थाल्पीची प्रमाण त्रुटी ०.४७ किलोजूल येते आणि एन्ट्रॉपीची १.५ जूल. सहा बिंदू आणि दोन अज्ञात, म्हणून स्वातंत्र्यांश चार उरतात. ९५ टक्के खात्रीसाठी या त्रुटींना २.७८ ने गुणावं लागतं. तेव्हा उत्तर असं लिहा: एन्थाल्पी १००.५ ± १.३ किलोजूल प्रति मोल, एन्ट्रॉपी ७ ± ४ जूल प्रति केल्विन प्रति मोल.

एन्थाल्पी दीड टक्क्याच्या आत आहे. एन्ट्रॉपीबद्दल एवढंच म्हणता येतं की ती शून्याच्या जवळ आहे आणि बहुधा धन आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत ६.७९८ असा आकडा दिसला की मला खरंच वाईट वाटतं. सहा बिंदूंसाठी घेतलेली मेहनत तीन खोट्या दशांशांखाली झाकली जाते.

एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपी दोन्ही हलतात, तरी गिब्ज ऊर्जा स्थिर कशी राहते?

रेषा हलते तेव्हा ती बिंदूंच्या मध्याभोवती फिरते, तराजूची दांडी काट्याभोवती फिरावी तशी. आपल्या बिंदूंचा मध्य ३.२३५ वर आहे, म्हणजे ३०९ केल्विनला. चढ वाढला की अंतःखंडही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून एन्थाल्पी एक किलोजूलने जास्त आली, तर एन्ट्रॉपी १००० भागिले ३०९, म्हणजे सुमारे ३.२ जूलने जास्त येणारच. दोन्ही चुका एकमेकींना बांधलेल्या आहेत.

गिब्ज ऊर्जेच्या सूत्रात, `ΔG‡ = ΔH‡ − T·ΔS‡`, त्या एकमेकींना खोडतात. वरच्या दोन जोड्यांवर करून पाहा. ५५ अंशांना पहिल्या जोडीतून ९३.० अधिक ५.३, म्हणजे ९८.३ किलोजूल, दुसरीतून १०५.९ उणे ७.५, म्हणजे ९८.४. एन्ट्रॉपीत एकोणचाळीस जूलांची तफावत असूनही गिब्ज ऊर्जा जागची हललेली नाही. यात नवल नाही. ५५ चा बिंदू दोन्ही जोड्यांत आहे, आणि त्या तापमानाचा `k` आणि ही ऊर्जा ही एकाच माहितीची दोन रूपं आहेत.

सहा बिंदूंच्या रेषेवरून २५ अंशांना गिब्ज ऊर्जा ९८.५ येते. तुमचा आकडा तपासायची ही सोपी वाट आहे: त्याच तापमानाच्या मोजलेल्या `k` वरून थेट `ΔG‡` काढा. दोन्ही जुळले नाहीत तर चूक गणितात आहे, मापनात नाही.

एका मालिकेतल्या दहा संयुगांची एन्थाल्पी एन्ट्रॉपीविरुद्ध काढली तर सुंदर सरळ रेषा आली. हा शोध आहे का?

आधी त्या रेषेचा चढ पाहा. तो तुमच्या प्रयोगांच्या सरासरी तापमानाजवळ असेल, समजा ३०० ते ३२० केल्विन, तर ती रेषा बहुधा वरच्या प्रश्नातल्या बांधलेल्या चुकांचीच आहे. संयुगांमध्ये खरा संबंध असेल तर तो दोन वेगवेगळ्या तापमानांचे `ln k` एकमेकांविरुद्ध काढूनही दिसतो. तिथे दोन्ही अक्षांच्या चुका स्वतंत्र असतात, म्हणून तिथली रेषा विश्वासाची.

अऱ्हेनियसची सक्रियण ऊर्जा आणि ही एन्थाल्पी एकच का?

नाही. द्रावणातल्या अभिक्रियांसाठी आणि वायूतल्या एकरेण्वीय अभिक्रियांसाठी `Ea = ΔH‡ + RT`. आपल्या पल्ल्याच्या मध्याला `RT` २.६ किलोजूल आहे, म्हणून `Ea` १०३.१ येते. याच आकड्यांचा अऱ्हेनियस आलेख काढला तर उत्तर १०३ च्या आसपासच मिळतं. वायूतल्या द्विरेण्वीय अभिक्रियेत `RT` च्या जागी `2RT` येतं.

वेळ मिनिटांत मोजली तर काय बिघडतं?

चढ तसाच राहतो, म्हणून एन्थाल्पी बरोबर येते आणि चूक लपून बसते. अंतःखंडात मात्र `ln 60`, म्हणजे ४.०९४ ची भर पडते. एन्ट्रॉपी ३४ जूलांनी फुगते आणि आपल्या उदाहरणात ६.८ ऐवजी ४०.८ दिसते. एवढी धन एन्ट्रॉपी पाहून बंध तुटण्याच्या छान कथा रचल्या जातात.

याच जातीच्या आणखी दोन चुका आहेत. दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घेतला आणि २.३०३ ने गुणायचं राहिलं, तर एन्थाल्पी ४३.६ येते. ही चूक लगेच डोळ्यांत भरते. दुसरी अवघड आहे: दुसऱ्या कोटीच्या अभिक्रियेत `k` च्या एककात संहती असते. लिटर आणि मोलऐवजी घन सेंटिमीटर आणि मोल घेतलं की `k` हजारपट होतो आणि एन्ट्रॉपी ५७ जूलांनी सरकते. म्हणून अशा अभिक्रियेची एन्ट्रॉपी प्रमाण अवस्था सांगितल्याशिवाय लिहू नये. 'प्रमाण अवस्था १ मोल प्रति लिटर' हे शब्द सोबत हवेतच.

पुस्तकातल्या k शी माझा k दुपटीने जुळत नाही. एन्ट्रॉपीवर परिणाम होतो का?

होतो. `2 N2O5 → 4 NO2 + O2` या समीकरणासाठी कुणी `N2O5` कमी होण्याचा वेग घेतं, तर कुणी त्याचं अर्ध. दोघांच्या `k` मध्ये दुपटीचा फरक पडतो, आणि एन्ट्रॉपीत `R ln 2`, म्हणजे ५.८ जूलांचा. आपली एन्ट्रॉपी मुळात ६.८. निव्वळ व्याख्या बदलल्याने ती १ होऊ शकते. आपला `k` कोणत्या वेगाचा, ते एका ओळीत लिहा.

एन्ट्रॉपी थोडी धन आली. म्हणजे संक्रमण अवस्थेत नायट्रोजन-ऑक्सिजन बंध ताणला गेला, असं लिहू का?

नका लिहू. हे वाक्य बऱ्याच वह्यांत असतं, पण या अभिक्रियेच्या बाबतीत ते टिकत नाही.

आयरिंगचं सूत्र एका प्राथमिक पायरीसाठी आहे: एक टेकडी, एक संक्रमण अवस्था. `N2O5` चं विघटन एका पायरीत होत नाही. रिचर्ड ऑग यांनी १९४७ साली मांडलेल्या यंत्रणेत रेणू आधी `NO2` आणि `NO3` मध्ये फुटतो, आणि हे दोन तुकडे बहुतेक वेळा पुन्हा जुळून `N2O5` च होतात. क्वचित कधीतरी त्यांची टक्कर वेगळ्या रीतीने होते आणि `NO`, `O2` व `NO2` बाहेर पडतात. ती क्वचित घडणारी पायरी मंद आहे. पुढे `NO` झटकन संपतो.

म्हणून आपण मोजलेला `k` हा पहिल्या समतोलाचा स्थिरांक आणि मंद पायरीचा वेग स्थिरांक यांचा गुणाकार आहे, सोबत दोनचा गुणक. गुणाकाराचा लॉगॅरिदम घेतला की बेरीज होते. त्यामुळे आपली एन्थाल्पी ही फुटण्याची एन्थाल्पी आणि मंद पायरीची सक्रियण एन्थाल्पी यांची बेरीज आहे. एन्ट्रॉपीचंही तसंच. एका रेणूचे दोन होतात तेव्हा एन्ट्रॉपी खूप वाढते. ते दोन मंद पायरीत पुन्हा जवळ येतात तेव्हा ती जवळपास तेवढीच घटते. या मोठ्या वाढीतून मोठी घट वजा होऊन उरलेला शेष म्हणजे आपले ७ जूल. त्यावरून कोणत्याही एका बंधाबद्दल काही सांगता येत नाही.

रेषा कितीही सरळ आली तरी ती यंत्रणा एकपायरी असल्याचा पुरावा ठरत नाही, हे या उदाहरणातून दिसतं. गुणाकार असलेला `k` सुद्धा सरळ रेषाच देतो. दशकानुदशकं हे विघटन साध्या एकरेण्वीय अभिक्रियेचा नमुना समजलं जात होतं. दाब खूप कमी केला तरी त्याचा `k` अपेक्षेप्रमाणे घसरत नव्हता, तिथे संशयाला जागा होती. समतोलाचा स्थिरांक दाबाने बदलत नाही, हे ऑग यांच्या यंत्रणेतून लक्षात आलं आणि कोडं सुटलं.

बिंदू रेषेवर न येता वळले तर?

आधी वळण खरं आहे का ते पाहा. प्रत्येक बिंदूचं रेषेपासूनचं अंतर `1/T` विरुद्ध काढा. आपल्या सहा बिंदूंत ही अंतरं +०.००२, −०.०१२, +०.००१, +०.०४१, −०.०४५, +०.०१४ अशी आहेत. खुणा वरखाली होतात, कमान दिसत नाही, म्हणून हे वळण नव्हे, विखुरणं आहे. दोन्ही टोकं एका बाजूला आणि मधले बिंदू दुसऱ्या बाजूला असतील, तर ती कमान.

कमान असेल तर सर्वात गरम बिंदूपासून शोध सुरू करा. अभिक्रिया इतकी जलद झाली असेल की नमुना पाणकुंडाचं तापमान गाठायच्या आतच निम्मा संपला, तर तिथला `k` कमी येतो आणि रेषा वरच्या टोकाला वाकते. असं नसेल तरच यंत्रणा बदलण्याचा किंवा हायड्रोजनच्या अभिक्रियांत पुंज-बोगद्याचा विचार करावा.

किती तापमानं घेऊ?

बिंदूंची संख्या वाढवण्यापेक्षा पल्ला वाढवा. ३५, ४५ आणि ५५ असे तीनच बिंदू घेतले तर एन्ट्रॉपी १.० येते; शून्य अंशाचा एकटा बिंदू सगळ्या रेषेला धरून ठेवतो. माझा हट्ट किमान पाच तापमानं आणि चाळीस अंशांच्या पल्ल्याचा असतो. टोकाच्या दोन तापमानांना मापन दोनदा करा, कारण चढ मुख्यतः तीच ठरवतात.

त्रुटीसकट हिशेब संगणकावर कसा करू?

स्प्रेडशीटमधल्या `LINEST` ला चौथी किंमत `TRUE` दिली की ते चढ, अंतःखंड आणि दोघांच्या प्रमाण त्रुटी एकदम देतं. नुसती ट्रेंडलाइन काढून थांबू नका, ती त्रुटी दाखवत नाही. पायथनमध्ये एवढं पुरतं:

```python
import numpy as np
R = 8.314
T = np.array([0, 25, 35, 45, 55, 65]) + 273.15
k = np.array([7.87e-7, 3.46e-5, 1.35e-4, 4.98e-4, 1.50e-3, 4.87e-3])
(m, c), cov = np.polyfit(1/T, np.log(k/T), 1, cov=True)
print(-m*R/1000, (c - 23.760)*R)
print(np.sqrt(np.diag(cov))*R)
```

पहिल्या ओळीत एन्थाल्पी किलोजूलमध्ये आणि एन्ट्रॉपी जूलमध्ये छापली जाते. दुसरीत दोघांच्या प्रमाण त्रुटी, दोन्ही जूलमध्ये. यातला एखादा `k` पाच टक्क्यांनी बदलून पुन्हा चालवा. आधी शून्य अंशाचा बदला, मग ३५ चा. पहिल्या वेळी एन्ट्रॉपी बरीच सरकेल, दुसऱ्या वेळी जेमतेम हलेल.